जोडीच्या फोटोतून एकाचा फोटो: नागपुरी स्टुडिओतली जुनी कारागिरी

तेरवीच्या दोन दिवस आधी लोक स्टुडिओत येतात. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला लग्नानंतरचा जोडीचा फोटो, आणि ठरलेलं वाक्य: "भाऊ, आईचा एकटीचा फोटोच नाही घरात. तेरवीपर्यंत होऊन जाईन का?" सीताबर्डीच्या गल्लीत, पूर्वी स्टुडिओत आणि आता संगणकासमोर, माझी बरीच वर्षं याच कामात गेली. वरवर पाहता हे कात्रीचं काम. खरा त्रास शेजारचा माणूस मागे काय सोडून जातो त्याचा असतो. खांद्यावरचा हात, त्याच्याकडे कललेली मान, त्याच्या डोक्याची काळी कड. प्रत्येक पिढीने हे आपापल्या अवजाराने झाकलं, आणि त्या झाकण्याची खूण त्या काळच्या फोटोंवर राहिली आहे.

जुन्या घरांत अंडाकृती फोटो दिसतात. चेहरा स्पष्ट, खांद्यापासून खाली आणि बाजूला सगळं पांढऱ्या ढगात विरत गेलेलं. ती त्या काळची फॅशन होतीच, पण जोडीतून एकाला वेगळं काढायची तीच सगळ्यात सोपी युक्तीही होती. पुठ्ठ्याला अंडाकृती भोक पाडायचं, त्याच्या कडा करवतीसारख्या दातेरी कापायच्या आणि एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं पाडणारं यंत्र, त्याचं भिंग व खालचा कागद यांच्यामध्ये तो पुठ्ठा धरायचा. एक्स्पोजर चालू असेपर्यंत हात हलता ठेवायचा. हात थांबला की दात्यांची रेघ कागदावर उमटते. भोकाबाहेरच्या कागदाला प्रकाश लागत नाही, म्हणून तो पांढरा राहतो आणि शेजारच्याचा खांदा त्या पांढऱ्यात जातो.

खांदा चेहऱ्याला अगदी चिकटलेला असेल तर निगेटिव्हवरच काम करावं लागे. शेजारच्या आकृतीवर बारीक ब्रशने ओपेक नावाचा लालसर रंग चढवायचा. निगेटिव्हवर जिथे प्रकाश अडतो तिथे प्रिंट पांढरी येते. म्हणून या रीतीच्या फोटोंची पार्श्वभूमी कोरी असते. मागे गडद पडदा हवा असला तरी ओपेकने तो मिळत नसे.

पण गिऱ्हाईक निगेटिव्ह आणत नसे, प्रिंट आणत असे. मग प्रिंटचाच कॅमेऱ्याने फोटो काढून नवी निगेटिव्ह करावी लागे. नागपूरच्या मे महिन्यात नळाचं पाणी इतकं तापलेलं की जिलेटिनचा थर मऊ पडे, म्हणून आमच्याकडे ट्रेखाली बर्फ ठेवत. शिवाय नकलेची नक्कल काढली की काळं-पांढरं जास्त तीव्र होतं आणि गालावरच्या मधल्या छटा उडून जातात. त्यामुळे मोठ्या प्रिंटवर कलाकार चेहरा रंगाने पुन्हा भरत असे. आजीचा भिंतीवरचा फोटो तिच्यासारखा वाटत नाही असं घरचे म्हणतात, त्यामागे अनेकदा हेच असतं.

हीच कारागिरी सोव्हिएत रशियाच्या सरकारी दप्तरांतही चालली. 1937 मध्ये मॉस्को-व्होल्गा कालव्यावर स्टालिनसोबत उभ्या असलेल्या गुप्त पोलिसांच्या प्रमुखाला, येझोव्हला, त्याच्या मृत्युदंडानंतर फोटोतून पुसलं गेलं. तो काठाला, कडेला उभा होता, म्हणून त्याच्या जागी फक्त कालव्याचं पाणी भरावं लागलं. आमच्या गिऱ्हाइकांचे वडील मात्र नेहमी आईला चिकटूनच बसलेले!

संगणक आल्यावर पांढरा ढग गेला. फोटोशॉप 1990 मध्ये बाजारात आलं. जुळता पोत भरणारा हीलिंग ब्रश 2002 च्या आवृत्तीत आला, आणि निवडलेली जागा आजूबाजूचं पाहून आपोआप भरायची सोय 2010 मध्ये. आता पडदा पडद्यासारखा भरता येतो. पण आता खोटेपणा दुसरीकडून दिसतो.

एक काम सांगतो, म्हणजे कळेल. साधारण 4 बाय साडेपाच इंचांची काळी-पांढरी प्रिंट. डावीकडे वडील खुर्चीवर बसलेले, फोटोत उजवीकडे आई उभी, तिचा उजवा हात त्यांच्या खांद्यावर. मागे रंगवलेल्या पडद्यावर खांब. फ्रेम 8 बाय 10 ची हवी होती.

आधी आईचा भाग मोजला: दीड इंच रुंद, एक पूर्णांक सात-अष्टमांश इंच उंच. इंचाला 1200 बिंदूंनी स्कॅन केलं तर 1800 बाय 2250 बिंदू मिळतात, म्हणजे 8 बाय 10 वर इंचाला 225. तेवढ्यावर नीट प्रिंट निघते. याहून जास्त घनतेने स्कॅन केल्यावर चेहऱ्याचा नवा तपशील आला नाही, कागदाचे दाणेच मोठे दिसले.

मग चौकट. खालची रेघ मनगटावर किंवा कोपरावर येऊ द्यायची नाही, हात तुटल्यासारखा दिसतो. दंडाच्या मध्यावर घेतली की डोळा उरलेला हात आपणच पूर्ण करतो. त्यामुळे खांद्यावरचा हातही आपोआप चौकटीबाहेर गेला. डोळे वरून साधारण चाळीस टक्क्यांवर ठेवले. फ्रेमची पट्टी चारी बाजूंनी पाव इंच खाते आणि वर हार येतो, म्हणून डोक्यावर नेहमीपेक्षा थोडी जास्त जागा सोडली.

वडिलांचं डोकं तिच्या दंडाला लागून होतं. तिथे उजवीकडचा पडदा भरला, पण एकच तुकडा दोनदा वापरला नाही. सारखे डाग जोडीने दिसले की चोरी पकडली जाते. त्यांच्या केसांची काळी कड तिच्या ब्लाउजच्या बाहीवर उरते. ती कड एक-दोन बिंदू आत घेऊन बाहीच्याच पोताने भरावी लागते. शेवटी भरलेल्या भागावर मूळ कागदाएवढे दाणे घातले, नाहीतर तो भाग मेणासारखा गुळगुळीत राहतो.

ती वडिलांकडे चारेक अंशांनी कललेली होती. वडील फोटोतून काढले की ते कलणं हवेत टेकल्यासारखं दिसतं. पूर्ण सरळ केल्यावर मान ताठ, परकी वाटली, म्हणून निम्मंच, दोन अंश, फिरवलं. संपूर्ण फोटो फिरवला असता तर पडद्यावरचा खांब तिरका झाला असता, म्हणून आकृती वेगळी काढून तीच फिरवली.

सोपं म्हणून काही जण फोटो आरशासारखा उलटा करतात. तो कधीच करू नये. पदर डाव्या खांद्यावरून उजवीकडे जातो, डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडे. बाहेरच्याला कळणार नाही, पण मुलगी दारातूनच म्हणते, "हे आई नाही वाटून राहिली."

एक गोष्ट मात्र कुठलंही अवजार परत आणत नाही. दोघांचे चेहरे चिकटले असतील आणि कान शेजारच्याच्या मागे गेला असेल, तर तो कान फोटोत नाहीच. दुसऱ्या फोटोवरून बसवता येतो, पण उजेडाची बाजू जुळायला हवी. दुसरा फोटो नसेल तर आम्ही पदर थोडा पुढे ओढून देतो. डोक्यावर पदर घेणाऱ्या पिढीला तो शोभतो, आणि अशाच दुसऱ्या एका आईच्या फोटोत उजव्या कानावर पदर आमचाच आहे. मुलीला ते आधी सांगितलं होतं. ती म्हणाली, "घरात तशीच घ्यायची."