भिंतीवरचा स्प्रे आणि गँगची गोष्ट

"अमेरिकेत भिंतीवर स्प्रेने काहीतरी वेडंवाकडं लिहिलेलं असलं की तो गँगचा एरिया, असंच असतं ना?"

नाही हो, बहुतेक वेळा तसं नसतं. जेफ फेरेल नावाचा समाजशास्त्रज्ञ डेन्व्हरमधे रात्री अपरात्री ग्राफिटी करणाऱ्या पोरांबरोबर स्वतः फिरला आणि १९९३ मधे त्यावर लिहिलं, गुन्ह्याकडे संस्कृतीच्या अंगाने बघणाऱ्या अभ्यासाला कल्चरल क्रिमिनॉलॉजी म्हणतात, त्याची सुरुवात साधारण तिथलीच. त्याला दिसलं ते असं की पोरांचं सगळं लक्ष स्टाइलवर, म्हणजे टॅग ही घाईत मारलेली सही, पण पीस म्हणजे मोठं रंगीत चित्र, ते आधी वहीत काढायचं, मग रंगांची जुळवाजुळव आणि मग भिंतीपाशी अख्खी रात्र. भांडण व्हायचं तेही कुणाचं काम भारी यावरून.

गँगचं लिखाण असतंच, पण ते वेगळं दिसतं: साधी अक्षरं, गँगचं नाव किंवा आकडे, आणि विरोधी गँगच्या नावावर काट. पण पेपरात आणि सफाई मोहिमेत दोन्ही एकाच फोटोत, त्यामुळे लोकांना सही दिसली तरी बंदूकच आठवते. गंमत म्हणजे कडक कारवाईने थ्रिल उलट वाढतं, पकडले जायची भीती हाच तर त्यातला मजेचा भाग, आणि वेळ कमी मिळाला की पीसऐवजी पटकन मारलेले टॅगच जास्त दिसणार, जे लोकांना सगळ्यात घाण वाटतात 😅

ज्याची भिंत आहे त्याला पुसायचा खर्च येतोच, ते फेरेल वाचून कमी होत नाही.