सायबर प्रपोजलवरची अंडररायटिंग क्वेरी

सायबर हल्ल्याच्या नुकसानीवरच्या विम्याचा, म्हणजे सायबर लायबिलिटी पॉलिसीचा, प्रपोजल फॉर्म ब्रोकरकडून आला आणि त्यात माहिती अर्धवट असली की विमा कंपनीत जोखीम तपासणारा अंडररायटर ब्रोकरला जो मेल टाकतो त्याला क्वेरी म्हणतात. उत्तर येईपर्यंत कोट, म्हणजे प्रीमियमचा आकडा आणि अटी, निघत नाही, आणि निघालाच तरी जादा अटी घालून.

मेल थेट क्लायंटला जात नाही, कारण ब्रोकर हा क्लायंटचा माणूस. पण उत्तर ब्रोकरने स्वतःच्या अंदाजाने लिहून चालत नाही, ते क्लायंटच्या आयटीवाल्याकडून यायला हवं आणि कंपनीतल्या अधिकृत माणसाने कन्फर्म करायला हवं, कारण पुढे क्लेम आला की हाच मेल पुरावा म्हणून उघडला जातो.

समजा चाकणची एक ऑटो पार्ट्स कंपनी दहा कोटींचं कव्हर मागते. फॉर्ममध्ये मल्टी फॅक्टर ऑथेंटिकेशन उर्फ एमएफए (पासवर्डनंतरचा ओटीपी वगैरे) आहे का, याच्यापुढे नुसतं 'हो'. बॅकअपपुढेही 'हो'. जुन्या घटनांचा रकाना कोराच. आता क्वेरीत 'एमएफए आहे का' असं परत विचारलं तर परत 'हो'च येणार, म्हणून प्रश्न फोडून विचारतात: ईमेलला आहे का, बाहेरून व्हीपीएनने येणाऱ्यांना आहे का, सर्व्हरच्या अ‍ॅडमिन अकाउंटना आहे का, आणि मेंटेनन्सवाल्या व्हेंडरला? यातला शेवटचा प्रश्न बरेच जण विसरतात, खरं तर तिथेच दार उघडं असतं. बॅकअपचंही तसंच, एक प्रत नेटवर्कपासून तुटलेली आहे का आणि त्यातून डेटा परत आणून शेवटचं कधी बघितलं, तारीख द्या. डेटा लॉक करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर नेटवर्कला जोडलेला बॅकअपपण लॉक करतं, त्यामुळे नुसत्या 'हो'ला किंमत नाही. आणि कोऱ्या रकान्याला 'घटना नाही' समजायचं नसतं, तसं लेखी मागायचं.

हे किती महागात पडतं ते अमेरिकेत 2022 मध्ये दिसलं. इंटरनॅशनल कंट्रोल सर्व्हिसेस या कंपनीने फॉर्मवर एमएफए आहे म्हटलं होतं, रॅन्समवेअर हल्ल्यानंतर ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीचं म्हणणं पडलं की ते फक्त फायरवॉललाच होतं, सर्व्हरला नाही. ट्रॅव्हलर्स कोर्टात गेली आणि शेवटी दोघांच्या संमतीने पॉलिसी सुरुवातीपासूनच रद्द ठरली.

चांगल्या क्वेरीत प्रश्नांना नंबर असतात आणि कुठलं उत्तर कोटच्या आधी हवं, कुठलं पॉलिसी सुरू व्हायच्या आधी चालेल हे वेगळं लिहिलेलं असतं. चाकणच्या केसमध्ये व्हेंडरला एमएफए नाही असं उत्तर आलं तर प्रपोजल लगेच नाकारतात असं नाही, अमुक दिवसांत बसवा अशी अट घालतात, किंवा तोवर रॅन्समवेअरची मर्यादा दहा कोटींच्या आत छोटी ठेवतात. उत्तर 'लवकरच बसवतोय' असं आलं तर मात्र अंडररायटर ते 'नाही' असंच धरतो.