न दिसणाऱ्या कामाचे मूल्यमापन: ठरलेले उद्दिष्ट कुठून आले?

2020 च्या लॉकडाऊननंतर गोव्यात दोन्ही बाजूंनी घरून काम सुरू झाले. मुंबई-बंगळुरूची माणसे लॅपटॉप घेऊन आसगाव-शिवोलीत येऊन राहिली आणि पणजी-पर्वरीच्या कंपन्यांतली इथली माणसे आपापल्या गावी गेली. अप्रेझलची वेळ आली तेव्हा साहेबांपुढे प्रश्न उभा राहिला, की जो माणूस समोर बसतच नाही त्याला गुण कशावर द्यायचे? काहींनी स्क्रीनवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअरे घेतली. त्यातून माऊस हलला की नाही एवढे कळते. काम झाले की नाही, ते कळत नाही.

या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटच्या आधीचे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी इंजिनिअर फ्रेडरिक टेलर हातात स्टॉपवॉच घेऊन कामगाराची एकेक हालचाल मोजत होता. कारखान्यात ते जमले, कारण हालचाल डोळ्यांना दिसत होती. पुढे मॅनेजर आणि इंजिनिअर यांची संख्या वाढली. त्यांचे काम शेजारच्या खुर्चीतूनही दिसत नाही. 1954 मध्ये व्यवस्थापनावर लिहिणारे पीटर ड्रकर यांनी सुचवले, की मॅनेजरने आपली उद्दिष्टे वरिष्ठांबरोबर ठरवावीत आणि त्यांवरून स्वतःच स्वतःला तपासावे. त्यांनी जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीचे उदाहरण दिले होते. तिथले फिरते तपासनीस अहवाल वरिष्ठांकडे न पाठवता ज्याच्या विभागाची तपासणी झाली त्याच्याच हाती देत. कल्पनेचा हा अर्धा भाग पुढे बहुतेक कंपन्यांनी गाळला. टार्गेट ठेवले, पण आकडे मात्र साहेबाच्याच फाइलीत राहिले.

त्याच जनरल इलेक्ट्रिकमधला अभ्यास 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. वार्षिक मुलाखतीतल्या टीकेने माणूस सुधारण्याऐवजी स्वतःचा बचाव करू लागतो, आणि नेमकी उद्दिष्टे एकत्र बसून ठरवली तिथे सुधारणा दिसते, असे त्यात आढळले. पगाराची चर्चा आणि सुधारणेची चर्चा वेगवेगळ्या दिवशी करावी, ही शिफारसही तिथलीच. दूरच्या माणसाला ती जास्तच लागू पडते, कारण त्याची साहेबाशी निवांत गाठ पडते ती बहुधा त्या एकाच कॉलवर.

समजा, पर्वरीतली एक कंपनी हॉटेलांच्या बिलिंगचे सॉफ्टवेअर बनवते. तक्रारी सोडवणारी एक मुलगी काणकोणहून काम करते आणि तिचा सहकारी ऑफिसात बसतो. एप्रिल ते जूनमध्ये तिने 80 तक्रारी बंद केल्या, त्याने 120. नुसते हे दोन आकडे पाहिले तर निकाल लागल्यासारखा वाटतो. पण त्याच्या 36 तक्रारी हॉटेलांनी पुन्हा उघडल्या, तिच्या फक्त 4. म्हणजे खरोखर सुटलेल्या 84 आणि 76. शिवाय महिनाअखेरचा हिशेब न जुळण्यासारख्या किचकट तक्रारी तिच्याकडे 30 होत्या, त्याच्याकडे 10. म्हणून उद्दिष्ट ‘किती बंद केल्या’ असे लिहायचे नाही. पुन्हा न उघडलेल्या तक्रारी मोजायच्या, आणि किचकट तक्रारीला किती वजन द्यायचे ते एप्रिलमध्येच दोघांशी बोलून लिहून ठेवायचे. निकाल हाती आल्यावर ठरवलेल्या वजनावर कोणाचाच विश्वास बसत नाही.

‘चार तासांत पहिले उत्तर’ हेही तिचे एक उद्दिष्ट होते. जूनमध्ये ते हुकले, कारण पावसात वीज गेली की नेटही जाते. हे कारण मार्चच्या अप्रेझलमध्ये सांगितले तर सबब वाटते. जूनमध्येच फोन करून, उद्दिष्ट बदलून, दोन ओळींच्या मेलवर नोंदवले तर तो करारातला बदल ठरतो. महिन्यातून एकदा उद्दिष्टांची उजळणी करायची ती एवढ्याचसाठी.

या पद्धतीची मर्यादा व्यवस्थापनाचे अभ्यासक विल्यम औची यांनी 1979 मध्ये मांडली. काम करण्याची रीत वरिष्ठाला नीट ठाऊक नसेल, पण फळ मोजता येत असेल, तिथे फळावरून पारख करावी. दोन्ही नसेल तिथे माणसांची निवड आणि सामायिक मूल्ये यांवरच भिस्त ठेवावी लागते. नवख्या सहकाऱ्याला काणकोणची ती मुलगी फोनवर अर्धा तास समजावते, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याविषयी त्या सहकाऱ्यालाच विचारावे लागते.

आकडे चोख असले तरी एक धोका उरतो. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत 2010-11 मध्ये नऊ महिने प्रयोग झाला. कॉल सेंटरमधल्या स्वेच्छेने पुढे आलेल्यांपैकी काहींना आठवड्यातले चार दिवस घरून काम दिले. त्यांची कामगिरी सुमारे 13 टक्क्यांनी वाढली. पण तेवढीच कामगिरी करणाऱ्या ऑफिसातल्या माणसाच्या तुलनेत त्यांना बढती मात्र कमी मिळाली. कॉल सेंटरमध्ये तर प्रत्येक कॉल मोजला जातो, तरीही हे घडले. तेव्हा पर्वरीच्या त्या साहेबाने गुण देऊन झाल्यावर बढतीची यादी वेगळी काढावी आणि ती गुणांच्या शेजारी ठेवून वाचावी. गुण सारखे असून ऑफिसातलेच नाव वर येत असेल, तर त्याचे कारण त्याला लेखी देता आले पाहिजे.