खाते क्रमांक धूसर करू नका, काळ्या चौकोनाने झाका

आमच्या बिलिंग प्रोग्राममधलं काम नव्या मुलाला शिकवायचं म्हणून आपल्यापैकी बरेच जण स्क्रीन रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवता. त्यात पार्टीचा बँक खाते क्रमांक किंवा आपला पासवर्ड दिसू नये, एवढ्यासाठी हे पत्रक.

गेल्या हंगामात सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्यांसाठी असा व्हिडिओ आम्हीच करून दिला होता. पार्टीच्या खाते क्रमांकावर चौकोन ठेवला आणि तपासताना सगळं ठीक वाटलं. मधे एके ठिकाणी यादी खाली सरकवली होती. ओळ वर गेली, चौकोन मात्र जागेवरच राहिला. क्रमांक उघडा दिसला तो जेमतेम १२ फ्रेम. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत हे अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी, त्यामुळे आमच्या डोळ्यांना कळलंच नाही. व्यापाऱ्यांच्या मुलाने व्हिडिओ थांबवला, तेव्हा पूर्ण क्रमांक समोर होता. चूक आमची होती. तेव्हापासून आम्ही एकेका ओळीमागे चौकोन पळवत बसत नाही. खाते क्रमांकाचा अख्खा रकानाच वरपासून खालपर्यंत एका उभ्या पट्टीने झाकतो. यादी कितीही सरकली तरी पट्टीबाहेर काही येत नाही. रकाना पडद्यावर येण्याच्या अर्धा सेकंद आधी पट्टी सुरू करा आणि तो गेल्यावर अर्ध्या सेकंदाने काढा.

पट्टी भरीव रंगाची हवी, अपारदर्शकता १०० टक्के. धूसर केलेलं दिसायला छान दिसतं, पण आकड्यांसाठी आम्ही ते वापरत नाही. आकडे दहाच, आणि पडद्यावरचा फॉन्टही ओळखीचा. कुणी तोच फॉन्ट घेऊन ० ते ९ तेवढेच धूसर करून आपल्या चित्राशी जुळवून पाहिले, तर क्रमांक हाती लागू शकतो. मोठ्या चौकटींचा मोझेकही तसाच. त्यात ओळ हलत असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये अक्षरं थोडी वेगळी पडतात आणि जुळवणाऱ्याला आणखी धागे मिळतात. मागचा माणूस किंवा दुकानाची पाटी धूसर करायला मात्र हरकत नाही.

पासवर्डच्या जागी ठिपके दिसत असले तरी तो पूर्ण रकाना झाका, कारण ठिपके मोजले की पासवर्डची लांबी कळते. मोबाईलवर तर टाइप केलेलं शेवटचं अक्षर बहुधा क्षणभर उघडं दिसतं.

तपासणी तयार झालेल्या फाइलवरच करा. ती व्हीएलसीमध्ये उघडा आणि चौकोन सुरू होतो, संपतो किंवा यादी सरकते त्या ठिकाणी `E` ही कळ एकेकदा दाबा. दर वेळी एकच फ्रेम पुढे जाते. आवाजही ऐका, बोलताना क्रमांक वाचून दाखवलेला असतो. पाठवताना फक्त हीच फाइल द्या. एडिटरची प्रोजेक्ट फाइल आणि मूळ रेकॉर्डिंग एकत्र गेलं, तर समोरचा पट्टी एका क्लिकमध्ये काढू शकतो.

याहून सोपं म्हणजे आमच्याकडून खोट्या पार्ट्यांची सरावाची कंपनी घालून घ्या आणि त्यातच रेकॉर्डिंग करा. याचे वेगळे पैसे नाहीत.