कडक डोहाळे (गर्भारपणातील अतिवमन)

पाळी चुकल्यानंतर थोड्याच दिवसांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. सातारा-सांगलीकडे याला 'डोहाळे लागले' असे म्हणतात. चिंच खावीशी वाटणे आणि घोटभर पाणीही न ठरणे, या दोन्हींना हाच शब्द वापरला जातो. दुसरी अवस्था फार तर 'कडक डोहाळे' होते आणि तिथे आजार असल्याचे लक्षात येत नाही. वैद्यकात या अवस्थेला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडॅरम म्हणतात.

साधी मळमळ बहुतेक गरोदर बायकांना होते. शेवटच्या पाळीपासून मोजल्यास ती साधारण सहाव्या आठवड्यात जाणवू लागते, नवव्याच्या आसपास जोर धरते आणि बहुतेकींची सोळाव्यापर्यंत ओसरते. दिवसभर होते, सकाळीच होते असे नाही. हळद शिजवण्याचा हंगाम असेल तर त्या वासाने, नाहीतर फोडणीच्या वासानेही उमासे येतात. उठण्याआधी मूठभर चिरमुरे किंवा भाकरीचा कोरडा तुकडा, दर दोन तासांनी थोडे खाणे आणि पाणी घोट घोट पिणे, एवढ्यावर पुष्कळजणींचे भागते.

या त्रासामागे जीडीएफ-१५ नावाचे संप्रेरक मुख्य असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. ते गर्भ आणि वार यांतून आईच्या रक्तात येते व मेंदूतील उलटीच्या केंद्राला चेतवते. गर्भारपणाआधी जिच्या रक्तात ते कमी असते, तिला अचानक वाढलेली पातळी जास्त बाधते. म्हणजे 'मन घट्ट नाही', 'नाजूक आहे' हे बोल अन्यायाचे आहेत.

साधे आणि गंभीर यांतला फरक उलट्या मोजून कळत नाही. पोटात काय राहते आणि वजन किती उतरले, हे पाहावे लागते. वाळवा तालुक्यातल्या गावातली एक बाई डोळ्यांपुढे आणू. आठवा आठवडा, आधीचे वजन ५० किलो. बारा दिवस उलट्या चालू आहेत. सासूबाई म्हणतात, "आमाला बी झालं हुतं, पोर राहिलं की व्हायचंच." गावातल्या दवाखान्यात दोनदा ग्लुकोजची बाटली लावली. संध्याकाळपुरते बरे वाटले, सकाळी पुन्हा तेच. आता काट्यावर ४६.५ किलो भरतात. पाच टक्क्यांहून जास्त घट ही धोक्याची खूण. तिच्या बाबतीत ती २.५ किलोवरच ओलांडली गेली. सकाळपासून लघवी एकदाच, तीही गडद पिवळी. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. ही बाई घरी ठेवण्याची नाही, तिला भरती करायला हवे.

ग्लुकोजच्या बाटलीबद्दल इथे नीट सांगायला हवे, कारण चूक बहुधा तिथेच होते. बरेच दिवस अन्न पोटात न राहिल्याने शरीरातले थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, संपत येते. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागते. ते न देता ग्लुकोज चढवले, तर उरलेसुरलेही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाच्या दोन वस्तू दिसणे, बुबुळे थरथरणे, चालताना तोल जाणे, बोलण्यात घोळ ही त्याची लक्षणे. उशीर झाला तर स्मरणशक्तीचे नुकसान कायमचे राहते. म्हणून आधी थायमिनचे इंजेक्शन, आणि पाण्यासाठी साधे मिठाचे सलाईन. रक्ततपासणीत पोटॅशियम कमी आढळले तर तेही सलाईनमधून, सावकाश.

रुग्णालयात सोनोग्राफीही करतात. जुळी असली किंवा द्राक्षगर्भ, म्हणजे वारेच्या जागी द्राक्षाच्या घडासारखे फोड वाढलेला गर्भ, असला तर उलट्या अशाच बेसुमार होतात. लघवीचा जंतुसंसर्ग, थायरॉईड, यकृत हेही तपासले जाते. पोटात सतत दुखत असेल, ताप असेल किंवा उलट्या सोळाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच सुरू झाल्या असतील, तर डोहाळे म्हणून सोडून न देता दुसरे कारण शोधावे लागते.

औषधांची भीती घरोघरी आहे. डॉक्सिलअमीन आणि पायरिडॉक्सिन, म्हणजे ब-६, ही जोडगोळी गर्भारपणात फार वर्षांपासून वापरात आहे आणि तिचा बाळाला अपाय आढळलेला नाही. झोप मात्र येते. तिने भागले नाही तर डॉक्टर मेटोक्लोप्रमाइड किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन देतात. लोहाच्या गोळीने मळमळ वाढत असेल तर ती डॉक्टरांना विचारून काही दिवस थांबवता येते. फॉलिक ॲसिड मात्र चालू ठेवायचे.

चोवीस तास पाणीही ठरले नाही, आठ तास लघवी झाली नाही, उलटीत रक्त आले किंवा चक्कर येऊन पडली, तर रात्र असली तरी थांबू नये. १०८ची गाडी बोलवावी किंवा आशाताईंना सांगावे. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईची तपासणी, औषधे आणि ने-आण मोफत आहे. नोंदणीच्या कार्डावर पहिले वजन लिहिलेले असते, ते कार्ड बरोबर न्यावे. घट किती झाली ते डॉक्टरांना त्यावरूनच कळते.

एका खेपेला असा त्रास झालेल्या बाईला पुढच्या खेपेलाही तो होण्याचा संभव जास्त असतो. तिने पाळी चुकताच डॉक्टरांना आधीचा अनुभव सांगावा. उलट्या जोर धरण्याआधी गोळी सुरू केली, तर त्रास बराच हलका जाऊ शकतो.