चित्रपट-दिनासाठी संवेदन-अनुकूल सोयींचा विनंती अर्ज

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाच्या पालकाने शाळेतील चित्रपट-दिनाआधी मुख्याध्यापकांना दिलेला अर्ज. आवाज, उजेड, गर्दी आणि बसायची जागा यांत मुलाला सोसेल इतपत बदल करावा, म्हणजे त्याला आपल्या वर्गाबरोबरच चित्रपट पाहता येईल, अशी त्यात मागणी असते. त्या दिवसापुरती सुट्टी मागणारा किंवा ‘पाल्याकडे विशेष लक्ष द्यावे’ एवढेच म्हणणारा अर्ज या प्रकारात धरू नये, कारण त्यातून सभागृहात काहीच बदलत नाही. महाराष्ट्रातील शाळांत अशा अर्जाचा प्रसंग बहुधा बालदिनी (१४ नोव्हेंबर) किंवा परीक्षा संपल्यावर दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटाच्या निमित्ताने येतो.

या अर्जाचा उगम कोठे मानावा याविषयी दोन मते आहेत. पहिले मत चित्रपटगृहाकडे बोट दाखवते. अमेरिकेतील मेरिलँड राज्यात २००७ च्या सुमारास एका आईने चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाकडे आपल्या स्वमग्न मुलीसाठी चित्रपटाच्या वेगळ्या खेळाची विनंती केली. त्यातून दिवे थोडे चालू, आवाज कमी, जाहिराती नाहीत आणि मुलांना उठण्या-फिरण्याची मुभा अशी पद्धत रुळली, आणि एका मोठ्या चित्रपटगृह-साखळीने ती देशभर नेली. ब्रिटनमध्ये असे खेळ २०११ पासून मोठ्या प्रमाणावर होऊ लागले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्वमग्न प्रेक्षकांसाठी बदल केलेला नाट्यप्रयोग झाला.

दुसरे मत हा अर्ज शालेय परंपरेतला मानते. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग विद्यार्थ्यासाठी पालकांच्या सहभागाने वैयक्तिक शिक्षण योजना करणे शाळांवर बंधनकारक झाले. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याखाली १९७७ मध्ये निघालेल्या नियमांनी अभ्यासेतर कार्यक्रमांतही समान संधी देण्याचे बंधन घातले. शैक्षणिक कायद्यात स्वमग्नतेचा स्वतंत्र गट मात्र १९९० मध्ये आला. चित्रपटगृहाची कथा अधिक ऐकिवात असली, तरी आज लिहिल्या जाणाऱ्या अर्जाची घडण पाहता दुसरे मत अधिक पटण्याजोगे वाटते. चित्रपटगृहातला वेगळा खेळ सर्वांसाठी एकच साचा ठरवतो. शाळेला दिलेला अर्ज एका मुलाविषयी असतो आणि त्याने वर्गमित्रांबरोबर पाहायच्या खेळाविषयी असतो. मागणीचे तपशील, म्हणजे मंद दिवे, कमी आवाज, उठण्याची मुभा, मात्र चित्रपटगृहांकडूनच आलेले दिसतात.

मोठ्या आवाजाचा त्रास स्वमग्नतेच्या सुरुवातीच्या वर्णनांतच आढळतो. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ च्या आपल्या निबंधात ११ मुलांची हकीगत दिली. त्यात लिफ्ट, व्हॅक्यूम क्लीनर, वाहते पाणी, एवढेच काय वारा यांचीही धास्ती नोंदवली आहे. तेच मूल स्वतः तेवढाच मोठा आवाज आनंदाने करते, असेही त्यांनी लिहिले. आवाज नव्हे तर त्याचे अचानक घुसणे मुलाला नकोसे होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या अभ्यासकांनी भर दिला तो मेंदूच्या संवेदन-प्रक्रियेतील फरकावर. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) संवेदनांना तीव्र किंवा क्षीण प्रतिसाद हे निदानाच्या निकषांपैकी एक झाले. अर्ज लिहिताना ही दोन्ही मते उपयोगी पडतात. संवेदन-प्रक्रियेच्या मतावरून आवाज कमी करायचा, कॅनर यांच्या मतावरून तो कधी येणार हे मुलाला आधी सांगून ठेवायचे. क्षीण प्रतिसाद असलेले मूल उलट स्पीकरजवळ जाऊन बसते, म्हणून दुसऱ्याच्या अर्जाची नक्कल चालत नाही. भारतात दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या ४० बाबींच्या मूल्यमापन श्रेणीत ‘संवेदनविषयक बाबी’ हा स्वतंत्र विभाग आहे. पालकाच्या कपाटातल्या त्या अहवालातच अर्जाचा निम्मा मजकूर सापडतो.

कायद्याचा आधार दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात आहे. आधीच्या १९९५ च्या अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. कलम १६ शासनाने अनुदान किंवा मान्यता दिलेल्या शाळांविषयी आहे. दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबर खेळ व करमणुकीतही इतरांच्या बरोबरीने संधी मिळावी आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी, असे ते सांगते. चित्रपट-दिन ‘करमणूक’ या शब्दात सरळ बसतो. मात्र कलमाची सुरुवात शासनाने ‘प्रयत्न करावा’ अशी असल्याने ते सौम्य आहे असे काहींना वाटते. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात (११ फेब्रुवारी २०२१) वाजवी सोय हा समानतेचाच भाग मानला आणि ती त्या व्यक्तीशी बोलून, तिच्या गरजेप्रमाणे ठरवावी असे म्हटले. तो खटला परीक्षेतील लेखनिकाचा होता, तरी हे तत्त्व शाळेलाही लागू पडते असे मानण्यास हरकत नसावी. सोयीला मर्यादाही आहे. संस्थेवर अवाजवी बोजा पडेल अशी मागणी कायद्यात बसत नाही. म्हणून चांगला अर्ज जवळजवळ बिनखर्चाच्या गोष्टी मागतो आणि कायद्याचा उल्लेख एका ओळीत उरकतो.

सभागृहातील ध्वनीची बाजू बहुतेक अर्जांत कच्ची राहते. मुलाला मागे बसवले की आवाज कमी होतो, अशी समजूत असते. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. फरशी, उघड्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर असलेल्या सभागृहात मात्र ध्वनी परावर्तित होत राहतो आणि शेवटच्या रांगेतही फारसा उतरत नाही. मागची जागा दाराजवळ असल्यामुळे सोयीची असते, आवाज कमी करायचा तर तो यंत्रावरच करावा लागतो. दुसरी अडचण चित्रपट सुरू झाल्यावर येते. मुले हसू-ओरडू लागली की यंत्र चालवणारा संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवतो, मुले आणखी ओरडतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत आधी ठरवलेली पातळी मागे पडते. तोंडी ‘आवाज कमी ठेवा’ म्हणण्यापेक्षा आदल्या दिवशी ठरलेल्या पातळीवर बटणाजवळ चिकटपट्टी लावणे म्हणूनच टिकते. घुमणारा खालचा स्वर (बेस) उतरवला तर संवाद स्पष्ट राहतात आणि छातीत जाणवणारा धक्का कमी होतो.

कानांवरच्या संरक्षकांतही फरक आहे. कारखान्यात वापरतात तसे जाड गादीचे साधे कर्णरक्षक अचानक येणाऱ्या टाळ्या-शिट्ट्याही अडवतात. आवाज इलेक्ट्रॉनिक रीतीने रद्द करणारे हेडफोन मुख्यतः पंख्यासारखी सलग घरघर कापतात, टाळीचा कडकडाट त्यांतून बराचसा आत येतो. कर्णरक्षक दिवसभर ठेवल्यास आवाज न सोसण्याचा त्रास वाढू शकतो असे अनेक तज्ज्ञ मानतात, त्यामुळे ते गरज पडेल तेव्हाच वापरायचे असे अर्जात लिहिणे बरे. उजेडाबाबत मागच्या बाजूचे एक-दोन दिवे चालू ठेवण्याची मागणी पुरेशी असते. ते जुन्या चोकच्या ट्यूबलाइटचे नसावेत. तिचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि काही मुलांना तेही सोसत नाही.

अर्जाचा साचा नेहमीच्या मराठी अर्जाचाच: ‘प्रति’, ‘विषय’, ‘महोदय/महोदया’, शेवटी सही आणि दिनांक. वेगळेपण मजकुरात असते. तिसरीतल्या मुलाच्या आईने लिहावा असा मजकूर उदाहरणादाखल पुढे दिला आहे:

‘महोदया, माझा मुलगा इयत्ता तिसरी ब मध्ये शिकतो. तो स्वमग्न आहे (प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे). १४ तारखेचा चित्रपट त्याला वर्गाबरोबर पाहायचा आहे. अचानक मोठा आवाज झाला की तो कान झाकतो आणि गुणगुणू लागतो. तेव्हा त्याला पाच मिनिटांत शांत जागी नेले तर तो साधारण दहा मिनिटांत सावरतो आणि परत येऊन बसतो. उशीर झाला तर तो जमिनीवर झोपून रडतो. तो हट्ट नसतो, त्या वेळी समजावणे किंवा धरून ठेवणे उपयोगी पडत नाही. आपणांस विनंती अशी की, त्याला दाराजवळच्या टोकाची खुर्ची मिळावी, शेजारी त्याचा नेहमीचा मित्र असावा. मागचे दोन दिवे चालू राहावेत. १३ तारखेला शाळा सुटल्यावर मला व त्याला सभागृहात दहा मिनिटे येऊन आवाजाची पातळी ठरवू द्यावी. त्याने लाल कार्ड दाखवले की सेविकाताईंनी त्याला वाचनालयात न्यावे, आणि परत यायचे म्हटल्यास परत आणावे. चित्रपटाचे नाव व लांबी आधी कळल्यास मी घरी त्याला तयार करीन. या सूचना वर्गशिक्षिका, सेविकाताई आणि यंत्र चालवणारे सर यांच्यापर्यंत पोहोचाव्यात.’

मजकुरातील ‘परत आणावे’ ही विनंती सर्वांत महत्त्वाची आहे. ती नसली की बाहेर नेलेले मूल चित्रपट संपेपर्यंत वाचनालयातच बसते, आणि सर्वांच्या दृष्टीने सोय ‘झालेली’ असते. ‘तयार करीन’ म्हणजे चित्रांच्या छोट्या गोष्टीतून तो दिवस क्रमाने दाखवणे: रांग, अंधार, पडदा, टाळ्या, घरी. ही पद्धत अमेरिकन शिक्षिका कॅरल ग्रे यांनी १९९१ मध्ये पुढे आणली. टाळ्यांचे चित्र आवर्जून असावे. चित्रपटातला आवाज सोसलेली मुले पुष्कळदा शेवटच्या एकदम उठणाऱ्या टाळ्यांनी आणि दाराकडच्या धक्काबुक्कीने कोलमडतात. त्याला सर्वांच्या दोन मिनिटे आधी बाहेर काढणे हा त्यावर साधा इलाज आहे.

अर्ज आठ-दहा दिवस आधी, दोन प्रतींत द्यावा आणि एका प्रतीवर आवक शिक्का घेऊन ती पोच म्हणून जपावी. अर्ज मंजूर होऊनही सोय न होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे तो कार्यालयाच्या फाइलमध्ये राहतो आणि यंत्र चालवणाऱ्याला काहीच ठाऊक नसते. ‘त्या दिवशी त्याला घरीच ठेवा’ असे तोंडी उत्तर मिळाल्यास ते लेखी मागावे. शाळेशी बोलून मार्ग निघाला नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.

काही शाळा वेगळा, शांत खेळ लावण्याची तयारी दाखवतात. वीस-पंचवीस मुलांना गरज असेल तर तो योग्य ठरतो. एका मुलासाठी रिकाम्या सभागृहात लावलेला चित्रपट शांत असतो खरा, पण चित्रपट-दिन म्हणजे वर्गाबरोबर हसणे, आणि तेच त्यात राहून जाते. शाळा मुलांना चित्रपटगृहात नेणार असेल तर अर्ज आणखी लवकर द्यावा लागतो. तेथील आवाज व्यवस्थापकाच्या हाती असतो आणि मुख्याध्यापकांना त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलावे लागते. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांतील सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली, पण ती श्रवण आणि दृष्टिदोष असलेल्या प्रेक्षकांसाठी आहेत. स्वमग्न प्रेक्षकांसाठी कमी आवाजाचा खेळ ठेवण्याचे बंधन त्यांत नाही, त्यामुळे तेथे शाळेच्या पत्रावरच अवलंबून राहावे लागते.