मीटरवर दोन्हीकडे ५ व्होल्ट, तरी एकाला हात लावायचा नाही

पहिला प्रोजेक्ट साधा होता: अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा. विद्यार्थ्याने सर्किट आणलं. ४७४ छापलेला, म्हणजे ०.४७ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, चार डायोड, व्होल्टेज ५ वर धरणारा एक झेनर, आणि थेट भिंतीतल्या प्लगमध्ये.

"मॅडम, मोबाइलचा चार्जर ५ व्होल्ट देतो, हेही ५च देतं. मग चार्जर कशाला?"

"मीटर कुठे लावणार?"

"प्लस-मायनसला."

"मग तो त्या दोन तारांमधलाच फरक सांगणार. त्या दोन्ही तारा जमिनीच्या मानाने किती व्होल्टवर आहेत, ते नाही सांगणार."

सगळी गोम इथेच आहे. चार्जरमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. वीज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते, तारेने जोडलेली नसते. कपॅसिटरच्या सर्किटमध्ये मात्र आउटपुट थेट लाइनलाच जोडलेलं. स्वस्त एलईडी बल्बात ते चालतं, कारण बल्ब प्लास्टिकमध्ये बंद असतो, कुणी आत बोट घालत नाही.

"पण ०.४७ मायक्रोफॅरडमधून ३४ मिलिअँपिअरच जातात ना?"

"वीज गळाली की ती तोडणारा घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडायला हवा, म्हणजे ३४ काही कमी नाहीत. शिवाय कपॅसिटर एकाच तारेत आहे. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की फेज दुसऱ्या तारेवर. मग तुझा 'ग्राउंड' डायोडमधून थेट फेजला लागतो, मध्ये कपॅसिटर नाहीच. आणि उद्या याच सप्लायवर आर्डुइनोसारखा बोर्ड चालवलास आणि तो कोड टाकायला कॉम्प्युटरला जोडलास तर? कॉम्प्युटरचा ग्राउंड अर्थिंगला असतो. फेज आणि अर्थ शॉर्ट. पोर्ट गेला, बोर्डही."

"टेस्टर लावून बघितलं तर?"

टेस्टरवर इथे भरवसा ठेवू नये. चांगल्या चार्जरच्या आउटपुटलाही तो कधीकधी मंद लागतो, कारण विजेतला गोंगाट कमी करायला ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंमध्ये एक बारीक कपॅसिटर टाकलेला असतो. त्यातून मिलिअँपिअरचा अंशच जातो. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या याच. उलट नकली चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, पण इन्सुलेशन कच्चं. तो मीटरवर ठीक दिसतो आणि तरी धोक्याचा असतो. त्यामुळे बीआयएसचा शिक्का असलेला, नावाजलेल्या कंपनीचा चार्जर घ्यावा.

"मग माझा २३० व्होल्टचा बल्ब?"

"५ व्होल्टची एलईडी पट्टी लाव. उजेड ओळखणारा एलडीआर आणि दिवा चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर तेच. पट्टीचा उजेड एलडीआरवर पडला की दिवा विझेल, अंधार झाला की परत लागेल, लुकलुकत राहील. ते थांबवायला एलडीआर वळवशील, रेझिस्टर बदलशील, चालू सर्किटमध्ये सतत बोटं घालशील. ५ व्होल्टवर खुशाल घाल."

विद्यार्थ्याने ४७४ परत पाकिटात टाकला आणि विचारलं, "ट्रान्झिस्टर बीसी५४७ चालेल?"

"पट्टी किती करंट घेते ते आधी मोज. शंभर मिलिअँपिअरच्या वर गेली तर नाही चालणार."